दोन पाकिटांतलं खरं स्वस्त कोणतं? ग्रॅममागच्या दराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच माल, एकच दर्जा, पण पाकिटं दोन: एक लहान, एक मोठं. खाली बहुतेक ठिकाणी एकच जोडी घेतली आहे. कॉफी पूड, लहान पाकीट २०० ग्रॅम, किंमत १६८. मोठं पाकीट ३४० ग्रॅम, किंमत २९९. चलनाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण हिशेब कुठल्याही चलनात हाच राहतो.

ग्रॅममागचा दर नेमका कसा काढायचा?

पाकिटाची किंमत घ्या आणि तिला आतल्या मालाच्या वजनाने भागा. लहान पाकिटासाठी १६८ भागिले २००, म्हणजे ०.८४. मोठ्यासाठी २९९ भागिले ३४०, म्हणजे ०.८७९ आणि थोडं वर. ज्याचा आकडा लहान, ते स्वस्त. इथे लहान पाकीटच स्वस्त निघालं.

एका ग्रॅमचा दर शून्यानंतरच्या टिंबात अडकतो आणि तिथेच डोळे फसतात. ०.८४ आणि ०.८७९ यांत फार फरक आहे असं वाटत नाही. त्यात कोणी एकच दशांश ठेवून आकडा गोल केला, तर ०.८ आणि ०.९ होतात आणि पाच टक्क्यांच्या आतला फरक बारा टक्क्यांचा दिसायला लागतो. म्हणून उत्तराला १०० ने गुणून घ्या आणि दर शंभर ग्रॅमचा म्हणा: ८४ आणि ८७.९४. आता फरक स्वच्छ दिसतो, दर शंभर ग्रॅममागे ३.९४, म्हणजे मोठं पाकीट सुमारे ४.७ टक्के महाग.

मोबाइलवर करायचं तर क्रम असा: किंमत, भागिले, वजन, गुणिले १००. वजन दोन्ही पाकिटांचं एकाच एककात हवं. एकीकडे ३४० आणि दुसरीकडे १.२ किलो असेल, तर आधी १.२ चे १२०० करा. एकाला ग्रॅमने आणि दुसऱ्याला किलोने भागलं की उत्तर हजारपट चुकतं. अर्थात इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते. लक्षात न येणाऱ्या चुका पुढे येतील.

पण मोठं पाकीट महाग कसं निघेल? जास्त घेतलं की स्वस्त पडतंच ना?

बऱ्याचदा पडतं. पिशवी, भरणी, वाहतूक, फळीवरची जागा यांचा खर्च मोठ्या पाकिटात जास्त ग्रॅमवर वाटला जातो. पण विकणारा किंमत ग्रॅमवर नाही, पाकिटावर ठरवतो. २९९ हा आकडा ३४० ग्रॅमला गुणून आलेला नसतो. तीनशेच्या आत दिसावा म्हणून तो तिथे बसवलेला असतो. शिवाय लहान पाकिटाची किंमत ओळखीची असते, गिऱ्हाईक तीच लक्षात ठेवतं, त्यामुळे ती वाढवताना हात आखडतो. मोठं पाकीट मात्र स्वस्तच असणार असं गृहीत धरून उचललं जातं.

३४० सारखं अडनिडं वजनही गोंधळात भर घालतं. ते कुठून आलं हे सांगण्यासारखं आहे: एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, आणि बारा औंस म्हणजे ३४० ग्रॅम. २२७ ग्रॅम म्हणजे आठ औंस, ४५४ म्हणजे सोळा औंस, अर्थात एक पौंड. हेतू कुठलाही असो, २०० च्या शेजारी ३४० ठेवलं की तोंडी तुलना अडते. ४०० असतं तर कोणीही दुप्पट करून पाहिलं असतं.

कॅल्क्युलेटर न काढता ओळखता येतं का?

येतं, आणि तेही भागाकार न करता. लहान पाकिटाच्या दराने मोठ्या पाकिटाएवढा माल कितीला पडला असता, ते काढा. ही झाली बरोबरीची किंमत. मोठ्याची छापील किंमत तिच्याखाली असेल तर मोठं घ्या, वर असेल तर लहान.

आपल्या जोडीत लहान पाकीट २०० ग्रॅमचं, किंमत १६८. त्याचं अर्धं, १०० ग्रॅम, ८४ ला. आणखी निम्मं, ५० ग्रॅम, ४२ ला. आणि १० ग्रॅम ८.४० ला. आता ३४० ग्रॅम जुळवा: २०० चे १६८, १०० चे ८४, झाले २५२. उरले ४० ग्रॅम, म्हणजे चार वेळा ८.४०, ३३.६०. एकूण २८५.६०. छापील किंमत २९९, म्हणजे मोठ्या पाकिटात १३.४० जास्त जातात.

याहून झटपट रीत जादा मालाची. मोठ्या पाकिटात जादा किती मिळतं आणि त्यासाठी जादा किती मोजावे लागतात, एवढंच बघायचं. जादा ग्रॅम १४०, जादा किंमत १३१. ५० ग्रॅम ४२ ला या दराने १५० ग्रॅम १२६ ला मिळाले असते, आणि इथे १४० साठीच १३१ मागतायत. हिशेब संपला, मोठं महाग. ही रीत ढोबळ वाटली तरी तिचा निकाल पूर्ण भागाकाराशी नेहमी जुळतो: जादा मालाचा दर लहान पाकिटाच्या दरापेक्षा जास्त असेल तर मोठ्या पाकिटाचा एकूण दरही जास्तच येतो, कमी असेल तर कमीच.

भागाकार उलटा झाला तर?

वजनाला किमतीने भागलंत, तर २०० भागिले १६८ म्हणजे १.१९ आणि ३४० भागिले २९९ म्हणजे १.१४ येतील. हे आकडे चुकीचे नाहीत. एका रकमेत किती ग्रॅम मिळतात, ते हे सांगतात. फक्त इथे मोठा आकडा चांगला. घोटाळा होतो तो एकाचा भागाकार सुलटा आणि दुसऱ्याचा उलटा झाला की. दोन्ही उत्तरं एक या आकड्याच्या विरुद्ध बाजूंना पडली (एक ०.८४ आणि दुसरं १.१४) तर आधी हाच संशय घ्या.

फळीवरच्या चिठ्ठीत दर लिहिलेला असतो. तोच वाचला तर चालणार नाही का?

चालेल, पण दोन गोष्टी तपासून. पहिली, दोन्ही चिठ्ठ्यांवर एकक एकच आहे का. एकीवर दर शंभर ग्रॅमला आणि दुसरीवर किलोला असेल, तर दहापटीचा फरक आहे. ८४ आणि ८७९ असे आकडे दिसले की कळतं, पण अक्षर बारीक असतं आणि घाईत नुसता आकडा वाचला जातो. कधी एका मालाला नगावर आणि दुसऱ्याला वजनावर दर लावलेला असतो. त्या चिठ्ठ्यांची तुलनाच होत नाही, स्वतः भागावं लागतं.

दुसरी, सूट. किंमत कमी केल्याची मोठी पाटी लागते, पण तिच्याखालचा बारीक दर जुन्याच किमतीवर राहिलेला असू शकतो. सूट असेल तेव्हा छापलेला दर सोडून द्या आणि देय किंमत धरून नव्याने काढा.

वजन नक्की कुठलं धरायचं?

निव्वळ वजन. पिशवी, बरणी, डबा, आतलं चांदीचं वेष्टन यांतलं काहीही त्यात येत नाही. हातात घेऊन जड कुठलं ते पाहणं निरुपयोगी आहे. काचेची बरणी आतल्या मालाच्या बरोबरीने जड असू शकते.

खरी मेख आहे ती पाण्यात, पाकात किंवा तेलात बुडवलेल्या डबाबंद मालात. तिथे निव्वळ वजनात तो द्रवही धरलेला असतो. वेष्टनावर त्याखाली दुसरा आकडा शोधा, निथळलेल्या मालाचा. खायचं ते तेवढंच.

समजा शिजवलेल्या चण्यांचे दोन डबे आहेत. लहान डबा ४०० ग्रॅम, निथळून २४०, किंमत ६०. मोठा डबा ८०० ग्रॅम, निथळून ४६०, किंमत ११६. निव्वळ वजनावर लहान १५ आणि मोठा १४.५०, म्हणजे मोठा स्वस्त. निथळलेल्या वजनावर लहान २५ आणि मोठा २५.२२, म्हणजे निकाल फिरला. मोठ्या डब्यात दुप्पट पाणी आहेच, वर आणखी थोडं आहे, आणि त्याचेही पैसे द्यायचे आहेत. तेलातल्या किंवा पाकातल्या मालात द्रवही वापरला जाणार असेल तर कुठलं वजन धरायचं हे तुम्ही ठरवा, पण दोन्ही डब्यांना नियम एकच लावा.

एकावर मिलिलिटर आणि दुसऱ्यावर ग्रॅम असेल तर?

पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे जवळपास एक ग्रॅम. ही सवय इतर द्रवांना लावली की फसगत होते. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल साधारण ९१५ ग्रॅम भरतं. एक लिटरची बाटली १८० ला आणि एक किलोची पिशवी १९० ला असेल, तर बाटली दहाने स्वस्त दिसते. पण बाटलीत ९१५ ग्रॅमच आहेत: १८० भागिले ९१५ गुणिले १००, उत्तर १९.६७. पिशवीचा दर १९. पिशवी स्वस्त. मधाचं उलटं. तो जड, एक लिटर मध सुमारे १४०० ग्रॅम.

आइस्क्रीममध्ये तर मिलिलिटरवर अजिबात विसंबू नये. ते घुसळताना हवा मिसळतात, आणि काही प्रकारांत डब्याचा जवळपास निम्मा भाग हवाच असते. लिटरभराचे दोन डबे शेजारी ठेवले तर एकात पाचशे-साडेपाचशे ग्रॅम आणि दुसऱ्यात आठशेच्या वर माल असू शकतो. डब्यावर ग्रॅम छापले असतील तर त्यांनीच भागा.

औंसातही असाच चकवा आहे. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा. द्रवाचा औंस हे आकारमानाचं माप आहे, अमेरिकी पद्धतीत सुमारे २९.६ मिलिलिटर. नाव एकच, मापं वेगळी.

‘२५ टक्के जास्त’ आणि ‘२५ टक्के सूट’ एकच ना?

नाही. लहान पाकिटावर करून पाहा. २५ टक्के जास्त म्हणजे १६८ मध्ये २५० ग्रॅम, दर ६७.२०. २५ टक्के सूट म्हणजे १२६ मध्ये २०० ग्रॅम, दर ६३. ‘जास्त’चा आकडा नेहमीच थोडा फुगलेला असतो, २५ टक्के जास्त म्हणजे दरात प्रत्यक्षात २० टक्केच घट. ५० टक्के जास्त म्हणजे तेहतीस टक्के आणि थोडं वर, आणि ‘एकावर एक’ म्हणजे १०० टक्के जास्त, तरी दर निम्माच होतो.

इतर कुठल्याही योजनेला एकच प्रश्न विचारा: शेवटी हातून किती जाणार आणि घरी किती ग्रॅम येणार? ‘दुसरं पाकीट अर्ध्या किमतीत’ म्हणजे १६८ अधिक ८४, २५२ मध्ये ४०० ग्रॅम, दर ६३. म्हणजे सरळ २५ टक्के सूट, फक्त दोन पाकिटं घ्यायची सक्ती. ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ म्हणजे ३३६ मध्ये ६०० ग्रॅम, दर ५६.

एक बारकावा. सूट बहुधा दोघांपैकी एकाच आकारावर असते. आपल्या जोडीत मोठ्या पाकिटावर १० टक्के सूट लागली तर किंमत २६९.१० आणि दर ७९.१५ होतो. आता मोठं स्वस्त. मागच्या महिन्यात काढलेला निकाल या महिन्यात लागू पडत नाही तो यामुळेच.

मोठं पाकीट स्वस्त निघालं, पण संपायच्या आत खराब झालं तर?

मग दर वापरलेल्या ग्रॅमवर काढायचा. सूट लागलेल्या ३४० ग्रॅमच्या पाकिटाचा दर ७९.१५, लहान पाकिटाचा ८४. ७९.१५ भागिले ८४ म्हणजे ०.९४२. याचा अर्थ, लहान पाकीट पुरेपूर वापरलं जातं असं धरलं, तर मोठ्यातला ९४.२ टक्के माल तरी वापरला गेला पाहिजे. उरलेले ५.८ टक्के म्हणजे साधारण २० ग्रॅम. एवढी पूड वाया गेली की बचत पुरती संपली. कॉफी गाळून करणाऱ्यासाठी ही जेमतेम दोन कपांची पूड. पाकीट उघडल्यावर वास उडालेली, शेवटी टाकून दिलेली पूड याहून सहज जास्त भरते.

मोठ्या पाकिटाचा दर भागिले लहान पाकिटाचा दर, ही रीत कुठल्याही नाशवंत मालाला लावता येते. उत्तर ०.७० आलं तर निर्धास्त मोठं घ्या, तीस टक्के वाया जाईपर्यंत तोटा नाही. ०.९५ च्या आसपास आलं तर आधी घरात ते किती दिवसांत संपतं ते आठवा. मीठ, साखर, कोरडे कडधान्य यांना हा प्रश्न क्वचितच पडतो. चीज, किसलेला सुकामेवा, दळलेले मसाले, उघडलेलं तेल यांना पडतो.

मोठ्या डब्यातून चमचाही सढळ पडतो. हे भागाकारात दिसत नाही. संशय असेल तर पाकिटावर उघडल्याची तारीख लिहा आणि किंमत दिवसांनी भागा. दिवसाचा खर्च वाढला असेल तर स्वस्त दर कामाचा नाही.

एका वेष्टनात सहा छोटी पाकिटं असतील तर?

छापलेलं वजन एकूण आहे की एकाचं, ते पाहा. ‘६ × ३५ ग्रॅम’ असेल तर २१० ने भागायचं.

छापलेलं वजन आत खरंच असतं का?

सरासरीने असतं. यंत्राने भरलेलं प्रत्येक पाकीट ग्रॅमला ग्रॅम जुळत नाही, म्हणून वैधमापनाचे नियम थोडी तूट मान्य करतात. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या आर ८७ या शिफारशीत ही तूट ठरवून दिली आहे: २०० ग्रॅमच्या पाकिटाला ९ ग्रॅम, ५०० ग्रॅम ते १ किलोपर्यंत १५ ग्रॅम, ३०० ते ५०० च्या मधे तीन टक्के. पण पूर्ण खेपेची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये.

आपल्या जोडीत ही तूट किती बोलते ते पाहा. २०० चं पाकीट नेमकं ९ ग्रॅम कमी भरलं, तर १९१ ग्रॅमला १६८, दर ८७.९६. म्हणजे त्या एका पाकिटापुरता ४.७ टक्क्यांचा सगळा फायदा गेला आणि दोन्ही पाकिटं बरोबरीत आली. मात्र असं एखादंच पाकीट, बाकीची थोडी वर-खाली. वर्षभर घेत राहिलात तर छापील वजनच खरं धरावं. एक-दोन टक्क्यांच्या फरकावर मात्र एका पाकिटापुरता निकाल देऊ नये, तो भरणीच्या चढउतारात हरवतो.

किंमत तीच, पाकीट तेच, तरी महाग झालं असं वाटतं. कसं ओळखायचं?

रिकामं पाकीट टाकण्याआधी वजन वाचा. ५०० चे ४५० झाले असतील तर माल दहा टक्क्यांनी घटला, पण दर ११.१ टक्क्यांनी वाढला. आकार तोच ठेवून तळ आत दाबलेला असतो किंवा वर हवा जास्त भरलेली असते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही.

नेहमीच्या दहा-पंधरा वस्तूंचे दर लिहून ठेवायचे असतील, तर स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात किंमत आणि C मध्ये ग्रॅम टाका. D मध्ये हे सूत्र:

```
=B2/C2*100
```

फक्त किंमत लिहून ठेवली तर घटलेलं वजन निसटतं. C रकाना दर वेळी पाकीट पाहूनच भरायचा.

ग्रॅमवर तुलना कधी करू नये?

ग्रॅम सारखे असून काम सारखं नसेल तेव्हा. दाट सरबत आणि तयार सरबत, दूध पावडर आणि दूध, कोरडे चणे आणि शिजवलेले चणे. कोरडे चणे भिजवून शिजवल्यावर वजनात दुपटीहून जास्त होतात, तेव्हा आधी दोन्ही ताटात येतील त्या रूपात आणा. दाट सरबताच्या बाटलीवर किती पट पाणी घालायचं ते लिहिलेलं असतं. किंमत भागिले तयार होणारे पेले, एवढंच काढा. धुण्याच्या पावडरीत दर धुण्याला किती माप लागतं ते बघा.

किती फरक असला की दखल घ्यायची?

टक्क्यांवर ठरवू नका, महिन्याला किती लागतं त्यावर ठरवा. घरात महिन्याला ४०० ग्रॅम कॉफी लागत असेल, तर ३.९४ चा फरक चार शतकांवर, म्हणजे १५.७६. वर्षाचे १८९, एका लहान पाकिटाहून थोडे जास्तच. तोच ४.७ टक्क्यांचा फरक वर्षाला एकच पुडा लागणाऱ्या मसाल्यात असेल, तर जे पाकीट जवळ दिसेल ते उचला.